फोटोखालच्या चार ओळी

घरातली पहिली पदवी हातात आली की फोटो निघतो आणि त्याच्याखाली काही लिहावं लागतं. बहुतेक जण लिहितात, ‘आई-बाबा, तुमच्या कष्टांचं चीज झालं.’ यात खोटं काही नाही. पण हे वाक्य कुठल्याही घरातल्या कुणाही आईबापांना लागू पडतं, आणि ज्यांना उद्देशून लिहिलं त्यांना आपण नेमकं काय केलं हे त्यात कुठेच सापडत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी घेऊ. ही अमुक एक मुलगी नव्हे, तिथल्या अनेक घरांत घडतं ते एका घरात आणून मांडलं आहे. आई आणि अप्पा मिळून एक कोयता. नवराबायकोच्या जोडीलाच तिकडे कोयता म्हणतात आणि मजुरी टनावर मिळते. ती मिळण्याआधी मुकादम उचल देतो, म्हणजे येणाऱ्या हंगामाची आगाऊ रक्कम. पेरणी, दवाखाना, किराणा आणि मुलांचे प्रवेश एकाच वेळी येतात ते पावसाळ्यात, म्हणून उचलही तेव्हाच घेतली जाते. मुलीच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे जुलैत भरले गेले, याचा अर्थ आईअप्पांचा पुढचा हिवाळा जुलैतच विकला गेला. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि धुराडं बंद होईपर्यंत ऊस तोडून ती रक्कम फिटते. ऊस कमी पडला, कुणी आजारी पडलं तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, आणि त्याचे पैसे कापले जातात.

पदवीदान समारंभ हंगामातच आला तर आईअप्पा फोटोत नसतात, ते यामुळे. आले तर दोघांचा खाडा. म्हणजे जे फोटोत दिसत नाही तेच ओळींनी सांगायचं असतं.

मुलीने आधी लिहिलं, ‘माझी फी भरण्यासाठी तुम्ही रक्ताचं पाणी केलंत.’ आता तपासून पाहू. फी बहुधा शिष्यवृत्तीतून सुटलेली असते. आईबापांच्या खिशाला खरा चटका बसतो तो मेस, खोली, पुस्तकं आणि एसटीच्या भाड्याचा. जे सरकारने भरलं त्याचे आभार आईला मानले, तर आईने भरलं ते राहूनच जातं. दुसरं असं की पैशाच्याही आधीचा एक निर्णय या घरात झालेला असतो. लेकरांना फडावर सोबत न्यायचं, की गावात आजीपाशी ठेवायचं? सोबत नेलं तर शाळा बुडते, आणि मूल धाकट्याला सांभाळायला, मोळ्या बांधायला लागतं. मागे ठेवलं तर ते हात कमी होतात आणि वर्षातले पाच-सहा महिने लेकराचं तोंड दिसत नाही. माझ्या मते आभाराची पहिली ओळ इथली हवी.

आणि थोरला भाऊ? तो दहावीनंतर टोळीबरोबर निघाला. अशा मजकुरांत भावंडं जवळजवळ नसतातच. एकाचं शिक्षण सुरू राहावं म्हणून दुसऱ्याचं थांबलं, हे लिहिणं अवघड जातं खरं. पण ते वगळून केवळ आईबापांचा त्याग सांगितला तर हिशेब अर्धाच राहतो.

आता दुसरा खर्डा:

‘आई, अप्पा, मला फडावर नेलं नाही, आजीपाशी ठेवलं. दर पावसाळ्यात माझ्या मेसचे पैसे तुम्ही उचलीतून भरले आणि हिवाळाभर ऊस तोडून फेडले. दादा दहावीनंतर तुमच्यासोबत निघाला, म्हणून मी कॉलेजात राहिले. आज बी.एस्सी. झाले. कोपीवर पोचलात की फोटो बघा.’

कष्ट, त्याग, स्वप्न यांपैकी एकही शब्द यात नाही. ‘तुमचं ऋण फेडलं’ असंही नाही, आणि ते बरंच झालं. बाकी अजून चालू असताना तसं लिहिलं तर दादाच आधी हसेल.

टाकण्याआधी मात्र हे घरी वाचून दाखवायला हवं. आईला अक्षरओळख नसेल तर फोनवर, नाहीतर आवाज रेकॉर्ड करून. कारण स्टेटस फक्त मैत्रिणी बघत नाहीत. मुकादम बघतो, सोयरे बघतात, उद्या स्थळ घेऊन येणारेही बघतात. कर्ज गावाला माहीत असणं वेगळं आणि मुलीने ते लिहिणं वेगळं. अप्पा म्हणू शकतात, ‘उचलीचं काढ, बाकीचं राहू दे.’ मग ते काढायचं. ‘दर पावसाळ्यात माझ्या मेसचे पैसे भरले आणि हिवाळाभर ऊस तोडला’ एवढ्यावर काम भागतं. ज्याला कळायचं त्याला कळतं. दादालाही विचारायचं. आपलं नाव नको म्हणाला तर त्याची ओळ चारचौघांत न टाकता त्याला एकट्याला पाठवायची.

व्हॉट्सअॅपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि फडावर रेंज आणि चार्जिंग दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून फोटो आणि मजकूर दादाच्या फोनवर वेगळाही पाठवावा.