कॅप्टन दोघेही, पण ज्येष्ठ कोण?

कंपनी विकत घेतली, पदांचे तक्ते जुळवले, कोणी कोणाला रिपोर्ट करायचं ते ठरवलं, की दोन्हीकडची माणसं एक झाली, असा समज सर्रास आढळतो. एअर इंडियाने तो दोनदा खोटा ठरवला.

२००७ मध्ये सरकारने तिच्यात इंडियन एअरलाइन्स विलीन केली. पद दोन्हीकडे ‘कॅप्टन’च, त्यामुळे जुळवायचं काय, असं वाटेल. पण समजा, एक वैमानिक १९९५ साली लागला आणि २००५ ला कॅप्टन झाला. दुसरा १९९७ ला लागून २००३ मध्येच. रुजू झाल्याची तारीख धरली तर पहिला ज्येष्ठ, बढतीची धरली तर दुसरा. मोठ्या विमानावर आधी कोण जाणार, हे ज्येष्ठतेच्या यादीवर ठरतं. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. पुढच्या वर्षी मूळ एअर इंडियाचे वैमानिक सुमारे दोन महिने संपावर होते, कारण नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण पलीकडच्यांनाही मिळणार होतं. विलीनीकरणाला तेव्हा पाच वर्षं होत आली होती!

दुसरा गैरसमज असा, की दोघांना एकच वेतनपद्धत लावली की न्याय झाला. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया घेतली आणि पुढे आपल्याच ‘विस्तारा’ या विमानकंपनीचं तिच्यात विलीनीकरण ठरवलं. विस्ताराच्या वैमानिकांना महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा पगार निश्चित होता. नव्या करारात तो ४० तासांवर आला, वरच्या तासांचे पैसे वेगळे. म्हणजे महिन्यात ५५ तास उडणाऱ्याला पूर्वी ७० तासांचे पैसे मिळत, आता ५५ चेच. रजा किंवा प्रशिक्षण असलेल्या महिन्यात फटका आणखी मोठा. एप्रिल २०२४ मध्ये वैमानिक अपुरे पडू लागले आणि विस्ताराला रोजची २५ ते ३० उड्डाणं कमी करावी लागली. कागदावरची समानता एका बाजूला पगारकपात वाटली, हे व्यवस्थापनाला आधी दिसायला हवं होतं. नवा करार वाटण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागच्या वर्षाच्या पगारपत्रकावर तो चालवून पाहिला, की कोणाचं किती नुकसान होणार ते लगेच कळतं.

रोजच्या सवयी आपोआप जुळतात, हा तिसरा समज. कॉकपिटमध्ये तो चालतच नाही: चेकलिस्ट कोणी वाचायची, उत्तर कोणत्या शब्दांत द्यायचं, हे शेजारी बसलेल्या दोघांचं एकच असावं लागतं. म्हणून १२ नोव्हेंबर २०२४ ला विलीनीकरण झालं तरी विस्ताराची विमानं सुरुवातीला आपल्याच कर्मचाऱ्यांसह उडत राहिली. फक्त उड्डाणांचे क्रमांक बदलले: यूके ९५५ चं एआय २९५५ झालं.