पिवळ्या रंगातला आठवडा

घरात येणारी बिले, हप्ते आणि वर्गण्या एका तक्त्यात मांडायच्या आणि पुढच्या सात दिवसांत ज्यांची मुदत संपते, त्यांच्या ओळी आपोआप पिवळ्या व्हाव्यात अशी सोय करायची, हा माझा जुना नाद आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ओळखीच्या बऱ्याच घरांना मी असे तक्ते करून दिले. लोक चहा पाजतात, थोडी चेष्टाही करतात. पण या तक्त्यांमुळे दोन्ही तालुक्यांतल्या घरांचा महिना मला आतून दिसला. ते पाहून माझे मत असे झाले आहे की, बिलावर छापलेली शेवटची तारीख ही तक्त्यात लिहायच्या तारखांपैकी सर्वांत निरुपयोगी तारीख आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. सावकारी पेढ्यांवर दर्शनी आणि मुदती अशा हुंड्या चालत, आणि मुदतीच्या नोंदी ठेवणे हे मुनीमजींचे काम असे. 1881 च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याने मुदती कागदाला सवलतीचे तीन दिवस दिले. त्याच कायद्यात असेही आहे की, मुदतीचा दिवस सुट्टीचा निघाला तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी देय होतात. 1973 साली जयंत साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ आले आणि दुधाचे खाडे, गॅसची तारीख, भिशीचा नंबर असे सगळे भिंतीवर गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरची अडचण एकच. 27 तारखेला त्यावर पुढचे तीन-चार दिवस दिसतात आणि 5 तारखेचा हप्ता पानाआड असतो. तक्त्याला पान उलटावे लागत नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे विजेच्या बिलाकडे येतो. महावितरणच्या घरगुती बिलावर एक नव्हे, दोन तारखा असतात. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरले तर कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. देय तारीख बिलाच्या दिनांकापासून साधारण 21 दिवसांनी येते. ती उलटली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. वीज तोडण्याची तारीख मात्र बिलावर नसते. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे त्यासाठी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे 12 फेब्रुवारीच्या बिलाची सूट 19 फेब्रुवारीला संपते आणि देय तारीख 5 मार्च असते. तक्त्यात फक्त 5 मार्च लिहिली असेल तर ओळ 26 फेब्रुवारीला पिवळी होते, आणि तोवर सूट जाऊन आठवडा झालेला असतो.

सूट अशी किती? सोळाशेच्या बिलावर बारा-पंधरा रुपये. त्यासाठी धावपळ करा, असे मी म्हणणार नाही. मुद्दा वेगळा आहे. कोणते देणे उशिरा दिले तर किती महाग पडते, हे प्रत्येक ओळीपुढे लिहून ठेवले पाहिजे. विजेच्या बिलाला दोन दिवस उशीर झाला तर वीसेक रुपये जातात. एलआयसीचा सहामाही हप्ता तारखेनंतर 30 दिवसांपर्यंत विनादंड भरता येतो, मासिक हप्त्याला मात्र ही सवलत 15 दिवसांचीच. क्रेडिट कार्डावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीन दिवस उलटेपर्यंत उशिराचा दंड लावता येत नाही. याउलट खात्यातून आपोआप कापला जाणारा कर्जाचा हप्ता परत गेला, तर बँक आणि कर्ज देणारी कंपनी दोघेही आकार लावतात आणि एका फटक्यात काही शे रुपये जातात. शिवाय 2007 च्या पेमेंट आणि सेटलमेंट कायद्याच्या कलम 25 नुसार तो न वटलेल्या धनादेशासारखाच गुन्हा ठरू शकतो. चार ओळी पिवळ्या झाल्या तरी त्यांचे वजन सारखे नसते.

शिरूर तालुक्यातल्या एका घराचा फेब्रुवारीअखेरचा आठवडा नमुना म्हणून घेऊ. घर कोणाचे ते सांगत नाही, आकडेही थोडे बदलले आहेत. आई-वडील गाई सांभाळतात, मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. दुधाचा पगार दर दहा दिवसांचा आणि मुलाचा महिन्याच्या 7 तारखेला. 27 फेब्रुवारी 2026, शुक्रवार. त्या सकाळी तक्त्यात सहा ओळी पिवळ्या होत्या. 28 ला मोबाइलचे रिचार्ज 349. 1 मार्चला मोटारसायकलचा हप्ता 3,150. 5 मार्चला पतसंस्थेचा गाईच्या कर्जाचा हप्ता 6,400, बचत गटाचे 500 आणि विजेचे 1,640. 6 मार्चला एलआयसीचा सहामाही हप्ता 2,870. एकूण 14,909 रुपये. हाताशी 4,100, त्यातले 2,400 खात्यात आणि 1,700 घरात.

मोटारसायकलच्या हप्त्याचीच तारीख बघा. 1 मार्चला रविवार. पूर्वी बँकांची ही वसुली सुट्टीच्या दिवशी होत नसे, पण 1 ऑगस्ट 2021 पासून ती आठवड्याचे सातही दिवस चालते. खात्यात 750 रुपये कमी होते. 28 तारीख हा महिन्यातला चौथा शनिवार, म्हणून बँक बंद. गावात पैसे भरायचे मशीन नाही आणि आईंच्या खात्याला फोनवरून पैसे पाठवायची सोय जोडलेली नाही. म्हणजे ओळीत तारीख 1 मार्च असली तरी ते काम करायचा दिवस 27 फेब्रुवारीच, तोही दुपारी काउंटर बंद व्हायच्या आत. पुढे 3 मार्चला धूलिवंदनाची सुट्टी होतीच. पिवळ्या पट्ट्यात आजचा धरून आठ दिवस दिसत होते, पण बँकेचे दिवस पाचच होते.

दुसरी गोष्ट दुधाची. रोज 28 लिटर आणि दर 33 रुपये धरला तर दिवसाला 924 रुपये होतात. दहा दिवसांचे 9,240 यायचे. पण महिन्याची तिसरी पाळी 21 तारखेपासून अखेरीपर्यंत असते आणि फेब्रुवारीत ती आठच दिवसांची भरते. म्हणून 4 मार्चला 7,392 रुपयेच येणार होते. हातचे आणि येणारे मिळून 11,492, आणि तूट 3,417. एलआयसीचा हप्ता सवलतीच्या दिवसांत, मुलाच्या पगारानंतर भरायचा ठरवला आणि तूट 547 वर आली. “एवढं तर रतिबाच्या घरांकडून दोन दिवस आधी मागून घेते,” आई म्हणाल्या, आणि त्यांनी तसे केले. 5 तारखेच्या सकाळी कळले असते तर विजेचे बिल मागे ठेवून वीस रुपये जादा भरणे, हा दुसरा मार्ग होताच. हप्ता परत जाऊ देणे हा मार्ग नव्हता.

दौंडच्या घरांचा महिना वेगळा. जंक्शनमुळे तिथे रेल्वेचे पगारदार पुष्कळ, आणि राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 तिथलेच. पगार महिनाअखेरीस किंवा एक तारखेच्या आसपास होतात, म्हणून 5 तारखेचे हप्ते तिथे सुखाने जातात. तीच 5 तारीख रांजणगावच्या कामगाराला नडते, कारण त्याचा पगार दोन दिवसांनी येतो. कर्ज घेताना हप्त्याची तारीख बहुधा निवडता येते, पण कागदावर सह्या करताना कोणी विचारत नाही. सातला पगार होणाऱ्याने 10 तारीख मागावी. अख्ख्या तक्त्यापेक्षा ही एक मागणी जास्त उपयोगी आहे, हे मी तक्ता करणारा असूनही सांगतो.

तक्ता करणे सोपे आहे. अ रकान्यात देणे, ब मध्ये रक्कम, क मध्ये तारीख, ड मध्ये उशिराची किंमत आणि इ मध्ये भरल्याची तारीख. हे रकाने पडद्यावर A ते E असे दिसतात. गूगल शीट्समध्ये `Format > Conditional formatting` उघडून `Custom formula is` निवडायचे आणि दोन नियम घालायचे. पहिला पिवळा, दुसरा लाल:

```
=AND($C2<>"",$E2="",$C2>=TODAY(),$C2<=TODAY()+7)
=AND($C2<>"",$E2="",$C2<TODAY())
```

लोक दुसरा नियम घालत नाहीत आणि तिथेच फसतात. तारीख उलटली की ओळ सात दिवसांच्या मापात बसत नाही, पिवळा रंग जातो आणि राहून गेलेले देणे भरलेल्या देण्यासारखेच पांढरे दिसू लागते. लाल रंग त्यासाठी हवा.

तारीख लिहिण्यातही खोच आहे. 5.3.2026 असे टिंब देऊन लिहिले तर बऱ्याचदा यंत्र ती तारीख न समजता नुसता मजकूर समजते आणि ओळ कधीच रंगत नाही. ओळखायची खूण अशी की, मजकूर रकान्याच्या डाव्या कडेला चिकटतो आणि खरी तारीख उजव्या. त्याहून वाईट म्हणजे शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर 5/3 ला ते 3 मे मानते. म्हणून आधी `File > Settings` मध्ये `Locale` हे `India` करून घ्यावे. महिनाअखेरीच्या हप्त्यांना आणखी एक रोग असतो. 31 जानेवारीपासून एकेक महिना पुढे नेत गेले की 28 फेब्रुवारीनंतर 28 मार्च येते आणि तारीख कायमची 28 वर अडकते. त्यासाठी दर वेळी मूळ तारखेपासूनच मोजावे. त्या हप्त्याची एक वेगळी शीट करून पहिली तारीख C2 मध्ये लिहायची, C3 मध्ये `=EDATE($C$2,ROW()-2)` घालायचे आणि तेच खाली ओढायचे. रिचार्जला तर महिना लावूच नये. 28 दिवसांच्या पॅकला मागच्या तारखेत 28 मिळवायचे. वर्षात अशी बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात.

सात दिवस कुठे अपुरे पडतात, तेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की सवलत हुकते. एवढी रक्कम आठवड्यात उभी राहत नाही. ती बहुधा उसाच्या पैशांतून यायची असते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने पैसे द्यावेत असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम असला, तरी ते त्या दिवशी येतीलच असे धरून चालू नये. म्हणून सोसायटीच्या कर्जाच्या ओळीला मी `+7` च्या जागी `+60` घालतो.

येत्या पाडव्याला नवी वही किंवा नवी शीट उघडाल तेव्हा छापील तारखेशेजारी आणखी एक रकाना आखा, ‘पैसे कधी भरायचे’ असा. त्यात बँकेची सुट्टी आणि घरात पैसे येण्याचा दिवस पाहून ठरवलेली तारीख लिहा आणि पिवळा रंग त्या रकान्याला लावा.