न मोजलेल्या आकड्यांचं जर्नल

बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये साध्या लंबकाचा प्रयोग हमखास असतो. पूर्वी त्यासाठी दोरा, धातूचा गोळा आणि स्टॉपवॉच लागायचं. आता अनेक ठिकाणी तोच प्रयोग पडद्यावर होतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातला लंबक त्यासाठी बराच वापरला जातो. जर्नल मात्र जुन्याच साच्यातलं राहतं. 'खबरदारी'खाली मुलं बिनदिक्कत लिहितात, 'प्रयोग करताना पंखा बंद ठेवावा.' आणि 'त्रुटींची कारणे' म्हणून हवेचा रोध येतो, तोही घर्षणाची पट्टी शून्यावर ठेवलेली असताना!

खरी अडचण यापेक्षा खोल आहे. दोऱ्याला बांधलेल्या गोळ्यावरून g काढताना आपण पृथ्वीला प्रश्न विचारत असतो. पडद्यावरच्या लंबकात g हा आकडा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच घातलेला असतो, साधारणपणे ९.८१. शेवटी ९.८१ मिळाला, तर आपण तोच आकडा परत काढून घेतला, इतकंच. पुण्यात g चं खरं मूल्य सुमारे ९.७८ आहे, पण पडद्यावरच्या पृथ्वीला पुणं ठाऊक नाही. म्हणून 'गुरुत्वत्वरण मोजले' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. 'सूत्र या प्रारूपाशी किती जुळते ते तपासले' हा बरोबर.

हे तपासणं वाटतं तितकं पोकळ नाही. लांबी ०.७० मीटर, घर्षण शून्य आणि कोन ५ अंश घ्या. आवर्तकाल १.६७९ सेकंद येतो आणि नेहमीच्या सूत्राने g निघतो ९.८०. आता बाकी काही न बदलता कोन ३० अंश करा. आवर्तकाल १.७०८ सेकंदांवर जातो आणि g घसरून ९.४८ होतो, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त फरक. वारा नाही, हात थरथरला नाही, मग हा फरक आला कुठून? पाठ्यपुस्तकातलं सूत्र लहान कोनासाठीच आहे. कोन वाढला की आवर्तकालही थोडा वाढतो. ही त्रुटी मोजमापाची नसून सूत्राची आहे आणि अहवालात लिहिण्याजोगी तीच. कोन बदलूनही आवर्तकाल जराही हलला नाही, तर सिम्युलेशन करणाऱ्यानेच लहान कोनाचं सूत्र वापरलं आहे असं समजावं आणि तसं नोंदवावं.

निरीक्षण तक्त्यातही एक खोच आहे. पडद्यावरच्या आवर्तकाल-मापकाने तीनदा वाचन घेतलं, तरी तिन्ही वेळा तोच आकडा येतो. 'तीन वाचनांची सरासरी' हा रकाना तिथे निरर्थक होतो. तो रिकामा वाईट दिसतो म्हणून काही जण शेवटचे अंक स्वतःच थोडे मागेपुढे करतात, म्हणजे जर्नल 'खरं' वाटेल. ही सरळ सरळ बनावट आहे. अचूकतेची मर्यादा म्हणून पडद्यावर दिसणारा शेवटचा दशांश लिहिला की पुरे. पडद्यावरचंच स्टॉपवॉच हाताने चालू-बंद केलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे बोटाची दिरंगाई खरी असते, वाचनं खरोखरच विखुरतात आणि सरासरीला अर्थ येतो. याच प्रयोगात 'प्लॅनेट एक्स' नावाचा ग्रह निवडता येतो. त्याचा g पडद्यावर दिसत नाही, तो शोधावा लागतो. माझ्या मते शिक्षकांनी पृथ्वीऐवजी तोच द्यावा.

शिक्षकांनी तयार आकड्यांची फाइल हातात दिली, तर सूत्राऐवजी आकड्यांच्या जन्मकथेकडे पाहावं लागतं. हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेची कार्बन डायऑक्साइडची मासिक नोंद १९५८पासूनची आहे. तिच्यावरून वार्षिक वाढीचा आलेख काढायला अनेकदा सांगतात. मुलं सुरुवातीच्या टिपेच्या ओळी पुसून थेट आकड्यांवर जातात. त्या ओळींत लिहिलेलं असतं की, १९७४च्या एप्रिलपर्यंतची मापनं स्क्रिप्स संस्थेच्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांची आहेत. नोव्हेंबर २०२२मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि तिथलं मोजमाप थांबलं. डिसेंबर २०२२ ते ४ जुलै २०२३ या काळातले आकडे सुमारे ३४ किलोमीटरवरच्या मौना कीवरून घेतलेले आहेत.

त्यामुळे अशा अहवालात 'साहित्य व कृती'खाली उपकरणाची आकृती काढण्यात अर्थ नाही. फाइल कुणाची, कोणत्या तारखेला उतरवली, एकक कोणतं आणि कोणते महिने गाळले हे तिथे यावं. 'मापन केले' हे क्रियापद कीलिंग आणि त्यांच्यानंतरच्या निरीक्षकांसाठी ठेवावं. विद्यार्थ्याने 'आलेख काढला', 'चढ काढला' असं लिहावं. मौना कीचे महिने ठेवून एकदा आणि वगळून एकदा चढ काढला आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडली, तर तोंडी परीक्षेत 'यात तू काय केलंस?' या प्रश्नाला दाखवायला निदान एक तक्ता स्वतःचा असतो.