गौरीबद्दल एक शब्दही नाही

एका गोल टेबलाभोवती आठ जण बसले आहेत. अमोल, भारती, चेतन, दीपा, ईशान, फातिमा, गौरी आणि हेमंत. काहींची तोंडं टेबलाच्या मध्याकडे आहेत, तर काही जण टेबलाकडे पाठ करून बाहेर बघत बसलेत. असं कोण बसतं आणि कशासाठी, हे विचारायचं नाही. बँकेच्या परीक्षेत माणसं अशीच बसतात!

ही माणसं किती वेगवेगळ्या प्रकारे बसू शकतील? वर्तुळाला सुरुवात नसते, म्हणून एकाला कुठेही बसवून टाकू. उरलेले सात जण उरलेल्या सात खुर्च्यांवर ५,०४० प्रकारे बसतात. आता प्रत्येकाचं तोंड आत किंवा बाहेर, म्हणजे प्रत्येकी दोन पर्याय. आठ जणांचे मिळून २५६. दोन्हींचा गुणाकार करा: १२,९०,२४०. जवळजवळ तेरा लाख! आणि पेपर काढणारा सहा-सात वाक्यं लिहितो आणि म्हणतो, यातली नेमकी एकच रचना खरी, ती शोधा. आयबीपीएसच्या बँक पीओ प्रीलिम्समध्ये रीझनिंगच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात. एका पझलवर पाच प्रश्न धरले, तर वाट्याला येतात जेमतेम तीन मिनिटं.

तेरा लाखांतून एक, तीन मिनिटांत. हे होतं कसं? एक कोडं घेऊन बघूच.

अमोलचं तोंड मध्याकडे आहे आणि त्याच्या उजवीकडे तिसरी भारती आहे. भारतीच्या डावीकडे दुसरा चेतन. चेतनच्या उजवीकडे तिसरी दीपा, पण दीपा भारतीची शेजारीण नाही. चेतनच्या लगेच डावीकडे ईशान आहे, आणि ईशानच्या लगेच डावीकडे चेतन. दीपाच्या लगेच उजवीकडे फातिमा. फातिमाच्या डावीकडे दुसरा हेमंत. चौघांची तोंडं आत, चौघांची बाहेर. अमोल आणि हेमंत यांची तोंडं विरुद्ध दिशांना.

एक गंमत लक्षात आली? गौरीबद्दल एक शब्दही नाही. ती कुठे बसली, कुठे बघते, काहीच नाही. थांबा, ती सापडेल.

आधी उजव्या-डाव्याचा निकाल लावू. मोठ्या घड्याळाच्या तबकडीवर सहाच्या आकड्यावर बसा, तोंड मध्याकडे. तुमचा उजवा हात पाचाच्या बाजूला येतो. म्हणजे आत बघणाऱ्याची उजवी बाजू घड्याळाच्या उलट दिशेला असते. आता जागा न सोडता मागे वळा. तोच उजवा हात साताच्या बाजूला गेला! बाहेर बघणाऱ्याची उजवी बाजू घड्याळाच्या दिशेने. खुर्ची तीच, माणूस तोच, पण उजवीकडचा शेजारी बदलला. सगळ्या कोड्याची कळ एवढीच आहे. यात पोरं हमखास चुकतात ती एका ठिकाणी: ‘भारतीच्या डावीकडे चेतन’ असं म्हटलं, तर डावी बाजू भारतीची मोजायची. चेतनचं तोंड कुठे आहे, याचा तिथे काही संबंध नाही.

खुर्च्यांना घड्याळाच्या दिशेने १ ते ८ आकडे देऊ आणि अमोलला १ वर बसवू. तो आत बघतो, त्याची उजवी बाजू उलट दिशेला. तीन खुर्च्या मागे गेलो की ६ नंबर. तिथे भारती. एका वाक्यात तेरा लाखांतल्या उरल्या किती? फक्त ९२,१६०. चौदातल्या तेरा शक्यता पहिल्याच ओळीत गेल्या.

पुढे अडचण. भारतीच्या डावीकडे दुसरा चेतन, पण भारतीचं तोंड कुठे? सांगितलेलंच नाही. घाबरट विद्यार्थी इथे पझल सोडून पुढे जातो. सरावलेला माणूस रफ शीटवर दोन वर्तुळं काढतो. भारती आत बघत असेल तर चेतन ८ वर, बाहेर बघत असेल तर ४ वर. न कळलेली दिशा म्हणजे अडथळा नाही. ती फक्त दोन फाटे देते. आणि फाट्यांना मरायला फार वेळ लागत नाही, हे आता दिसेल.

चेतनच्या उजवीकडे तिसरी दीपा. चेतनचंही तोंड माहीत नाही, म्हणजे दोनाचे चार फाटे. चेतन ८ वर आणि आत बघणारा, तर दीपा ५ वर. चेतन ८ वर आणि बाहेर बघणारा, तर दीपा ३ वर. चेतन ४ वर आणि आत बघणारा, तर दीपा १ वर, पण तिथे अमोल आधीच बसलाय. हा फाटा जागच्या जागी मेला. चेतन ४ वर आणि बाहेर बघणारा, तर दीपा ७ वर.

आता ते निरुपद्रवी दिसणारं वाक्य आठवा: दीपा भारतीची शेजारीण नाही. भारती ६ वर आहे. तिचा शेजार म्हणजे ५ आणि ७. उरलेल्या तीन फाट्यांपैकी दोन नेमके तिथेच दीपाला बसवत होते! दोन्ही गेले. एकच उरला: चेतन ८ वर बाहेर बघणारा, दीपा ३ वर, आणि चेतन ८ वर असल्यामुळे भारती आत बघणारी.

इथे जरा रेंगाळू या. भारतीचं तोंड कुठे आहे, हे कोणी सांगितलं? चेतनचं? कोणीच नाही. जागांची आपसात टक्कर झाली आणि त्या टकरीतून दिशा बाहेर पडल्या. ‘नाही’ म्हणणारं वाक्य विद्यार्थी शेवटी बघू म्हणून बाजूला ठेवतात. पण पेपर काढणाऱ्याने ते ‘नाही’ फार जपून पेरलेलं असतं. फाटे पडले रे पडले की आधी तेच लावून बघावं.

पुढचं वाक्य मला सगळ्यात आवडतं. चेतनच्या लगेच डावीकडे ईशान आणि ईशानच्या लगेच डावीकडे चेतन. दोन शेजारी एकमेकांच्या डावीकडे? छापताना चूक झाली की काय? खोखोचं मैदान डोळ्यांपुढे आणा. पाटीवर आठ जण बसलेत आणि लगतच्या दोघांची तोंडं नेहमी विरुद्ध बाजूंना. त्यातला कुणी उजवा हात पसरला आणि तो शेजाऱ्याला लागला, तर त्या शेजाऱ्याचाही उजवाच हात याच्याकडे येतो. म्हणजे दोघं एकमेकांच्या एकाच बाजूला असतील, तर ते विरुद्ध दिशांना बघणारच. चेतन बाहेर बघतो, त्याची डावी बाजू उलट दिशेला, म्हणून ईशान ७ वर. आणि ईशान आत बघणारा. एकाच वाक्यात जागा मिळाली आणि तोंडही मिळालं.

याच्या उलट एक सूचना असते, जी फक्त जागा देते. आठ जणांत ‘उजवीकडे चौथा’ आणि ‘डावीकडे चौथा’ दोन्ही समोरच्याच खुर्चीवर. त्यातून दिशेचा कणही मिळत नाही. अशी सूचना दिसली की तिच्यावरून तोंडाचा बाण काढायचा मोह टाळायचा.

आता रिकाम्या खुर्च्या २, ४ आणि ५. उरलेले फातिमा, हेमंत आणि गौरी. दीपा ३ वर. ती आत बघत असेल तर तिच्या उजवीकडची फातिमा २ वर. मग फातिमाच्या डावीकडे दुसरा हेमंत ४ वर किंवा ८ वर. ८ वर चेतन आहे, म्हणून हेमंत ४ वर आणि फातिमा आत बघणारी. दीपा बाहेर बघत असेल तर फातिमा ४ वर. तिच्या डावीकडे दुसरी खुर्ची ६ किंवा २. ६ वर भारती, म्हणून हेमंत २ वर आणि फातिमा बाहेर बघणारी. दोन्ही फाटे धडधाकट. पण दोन्हींत ५ नंबर मोकळा राहतो. सापडली गौरी! फाटे अजून भांडताहेत आणि जिच्याबद्दल कोणी बोललंच नाही, तिची खुर्ची मात्र पक्की.

निकाल लावते साधी मोजणी. अमोल, भारती आणि ईशान आत बघतात, हे तीन झाले. पहिल्या फाट्यात दीपा आणि फातिमाही आत, म्हणजे पाच. मर्यादा चौघांची. तो फाटा संपला. म्हणजे दीपा, फातिमा बाहेर. चेतन आधीचाच बाहेर. हेमंतचं तोंड अमोलच्या विरुद्ध, म्हणजे बाहेर. बाहेरचे चार भरले, आणि गौरीला आत बघण्यावाचून पर्याय उरला नाही. तिची दिशाही मिळाली, तिला न विचारता.

१ वरून घड्याळाच्या दिशेने वाचा: अमोल, हेमंत, दीपा, फातिमा, गौरी, भारती, ईशान, चेतन.

कोडं सुटलं, पण त्याच्या पोटात आणखी एक नवल आहे. पहिल्या वाक्यातले ‘अमोलचं तोंड मध्याकडे आहे’ एवढे शब्द खोडून टाका, बाकी सगळं तसंच ठेवा. आता उत्तरं किती? दोन. आपली रचना आरशात धरल्यासारखी उलटी करा आणि प्रत्येकाला जागच्या जागी वळवा. आरशाने उजव्याचं डावं केलं, वळण्याने पुन्हा डाव्याचं उजवं केलं. प्रत्येक वाक्य जसंच्या तसं खरं राहतं! चार-चारची मोजणीही टिकते, विरुद्ध दिशांची अटही टिकते. म्हणून डावं-उजवं आणि सम-विरुद्ध एवढ्याच भाषेत कितीही वाक्यं रचली, तरी आत कोण आणि बाहेर कोण हे कधीच ठरत नाही. पेपर काढणाऱ्याला कुठेतरी एकदा ‘मध्याकडे’ किंवा ‘बाहेर’ असं उघड बोलावंच लागतं, नाहीतर तशीच फोड करणारी दुसरी एखादी गोष्ट द्यावी लागते, उदाहरणार्थ तिघं आत आणि पाच बाहेर. नवं पझल हातात आलं की ते वाक्य आधी हुडकून काढा. वर्तुळ तिथूनच मांडायला लागायचं.

याच आरशामुळे एक अजब प्रकार घडतो. समजा एखाद्याने सुरुवातीलाच उलटं धरलं: आत बघणाऱ्याचं उजवं घड्याळाच्या दिशेने, बाहेर बघणाऱ्याचं उलट. आणि शेवटपर्यंत इमानाने तसंच मोजलं. त्याचं वर्तुळ आपल्या वर्तुळाचं आरशातलं रूप निघेल. मग त्याला विचारा, गौरीच्या डावीकडे तिसरा कोण? तो त्याच्या उलट्या वर्तुळात उलट्याच रीतीने मोजेल आणि सांगेल, चेतन. अगदी बरोबर! आत बघणारे कोण? अमोल, भारती, ईशान, गौरी. तेही बरोबर. गुण कापले जातात ते मध्येच रीत बदलणाऱ्याचे, प्रत्येक चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्शाने. उलट्या रीतीचा तो पठ्ठ्या अडकतो फक्त एका जातीच्या प्रश्नात: अमोलपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर तिसरा कोण? त्याच्या कागदावर भारती येते. खरं उत्तर फातिमा.