दहात आठ शब्द कळले, तरी

अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम शब्दांच्या वारंवारतेविषयी (शब्द किती वेळा येतो, त्याविषयी) आहे. सर्वाधिक येणाऱ्या शब्दाच्या साधारण निम्म्या वेळा दुसरा शब्द येतो, एक तृतीयांश वेळा तिसरा. १९६० च्या दशकातल्या दहा लाख इंग्रजी शब्दांच्या ब्राउन संग्रहात ‘द’ जवळजवळ ७ टक्के आणि ‘ऑफ’ सुमारे साडेतीन टक्के आहे. जेमतेम १३५ शब्दांनी निम्मा मजकूर भरतो.

यावरून ‘दोन हजार शब्द पाठ करा, ८० टक्के भाषा आली’ असे सांगितले जाते. आकडा साधारण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. मीठ, तेल, हळद रोजच्या स्वयंपाकात असतातच. पण आज भाजी कशाची, हे त्यांवरून कळत नाही.

ही सूचना वाचा: ‘____ सुरू असल्यामुळे उद्या दिवसभर या भागातला ____ बंद राहील.’ दहापैकी आठ शब्द कळले, पण काय बंद राहणार? ‘डागडुजी’ आणि ‘पाणीपुरवठा’ हेच शब्द नेमके निसटले. विरळ शब्दच बहुधा आशय वाहतात.

तरीही पहिले दोन हजार शब्द यादीवरून शिकणे खरोखर फायद्याचे. त्यापुढे यादी फार उपयोगाची नाही, कारण पुढचा प्रत्येक शब्द क्वचितच भेटतो. तिथून आपल्या कामाच्या विषयातलेच भरपूर वाचावे. बँकेत काम करणाऱ्याला ‘तारण’ आणि ‘थकबाकी’ अशा वाचनात वारंवार भेटतात.