पंप तळमजल्यावर, घरघर सहाव्या मजल्यावर

तळोजा पाचनंदच्या सिडको वसाहतीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत उंच इमारतींची रांग लागली. 17 नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागल्यावर रिकामे फ्लॅटही भरत चालले. यातल्या बहुतेक सोसायट्यांची पाण्याची व्यवस्था एकसारखीच असते. बाहेरून आलेलं किंवा टँकरचं पाणी खालच्या टाकीत जमा होतं आणि पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पाणी येण्याची वेळ आपल्या हातात नसल्यामुळे पंप पुष्कळदा रात्री किंवा पहाटे चालवावा लागतो. मग पंपाच्या खोलीपासून पाच-सहा मजले वर, डक्टला लागून असलेल्या बेडरूममध्ये भिंतीतून घरघर सुरू होते. खिडकी लावली तरी ती कमी होत नाही, उलट बाहेरचा गोंगाट बंद झाल्यावर जास्त जाणवते.

तक्रार कमिटीकडे गेली की कोणीतरी मोबाइलवर आवाज मोजतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात मर्यादा 45 डेसिबलची आहे. बेडरूममध्ये आकडा 35 दिसतो आणि तक्रारदार गप्प बसतो. पण त्या आकड्यात मेख आहे. नियमातलं मोजमाप ‘ए’ पट्टीवरचं असतं आणि ही पट्टी खर्जातला आवाज मुद्दाम कमी धरते. 50 हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातले सुमारे 30 डेसिबल ती वजाच करते. पंपाची घरघर नेमकी याच पट्ट्यात असते. तक्रार करणारा खोटं बोलत नाही, पट्टी त्याच्या त्रासाच्या मापाची नाही. अॅपमध्ये ‘सी’ पट्टी निवडता येत असेल, तर पंप चालू असताना आणि बंद असताना अशी दोन मोजमापं त्याच खोलीत घ्यावीत. त्या दोन आकड्यांतला फरक खरी गोष्ट सांगतो.

हा आवाज हवेतून जिना चढून येत नाही. पंपाचं हादरणं पायातून काँक्रीटमध्ये आणि तोंडातून पाइपमध्ये उतरतं. लोखंड आणि काँक्रीट ते फारसं न शोषता वर नेतात आणि शेवटी बेडरूमची भिंत ते हवेत सोडते. म्हणून पंपाच्या खोलीला जाड दरवाजा लावून किंवा भिंतींना फोम चिकटवून वरच्या मजल्यावर काही फरक पडत नाही. उपाय दोन ठिकाणी करायचा असतो: पंपाखाली रबरी पॅड आणि पाइपच्या जोडात रबरी बेलोज. दोन्ही बाजारात सहज मिळतात, बऱ्याच सोसायट्यांत लावलेलेही असतात, आणि तरी घरघर चालू राहते. असं का होतं, ते एका नमुन्याच्या इमारतीवर पाहू.

समजा इमारत चौदा मजल्यांची आहे. पाणी साधारण 45 मीटर उंच चढवायचं, पाइपातलं घर्षण धरून 55 मीटर. सेकंदाला पाच लिटर पाण्यासाठी साडेसात अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप लागेल. तो मिनिटाला सुमारे 2900 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 48. पंप आणि त्याखालचा काँक्रीटचा ठोकळा मिळून वजन 240 किलो धरू. चार कोपऱ्यांत चार पॅड असतील तर प्रत्येकावर 60 किलो भार येतो.

पॅडचं काम दबण्याचं आहे. भार पडल्यावर ते किती मिलिमीटर दबतं, त्यावर त्याचा स्वतःचा झुलण्याचा वेग ठरतो: 15.8 ला त्या मिलिमीटरांच्या वर्गमुळाने भागायचं. तीन मिलिमीटर दबणारं पॅड सेकंदाला साधारण नऊ वेळा झुलतं. पंपाचे 48 हादरे त्याच्या पाचपटीहून जास्त असल्यामुळे हिशेबाने फक्त चार टक्क्यांच्या आसपास जोर खाली उतरतो. रबर हादऱ्यात थोडं जास्त ताठ वागतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून काहीसा वाईट येतो, पण कामापुरता चांगलाच असतो.

आता नेहमी होणारी चूक. दुकानात ‘मजबूत द्या’ म्हणून मागितलं की 500 किलो पेलणारं पॅड हातात येतं. 500 किलोखाली तीन मिलिमीटर दबणारं ते पॅड आपल्या 60 किलोखाली अर्धा मिलिमीटरसुद्धा दबत नाही. त्याचा झुलण्याचा वेग 26 वर जातो आणि चाळीस टक्के जोर खाली उतरतो. पंप मंद, 1450 फेऱ्यांचा असेल तर त्याचे हादरे सेकंदाला 24 येतात, म्हणजे पॅडच्या वेगाच्या अगदी जवळ. तेव्हा हादरा कमी होण्याऐवजी पॅडमुळे कित्येक पट वाढतो. पॅड घेताना पंप किती अश्वशक्तीचा हे सांगून भागत नाही. एका पॅडवर किती किलो येणार आणि त्या भाराखाली ते किती दबणार, हे विचारावं लागतं. पंप बसवल्यावर पॅडची उंची पट्टीने मोजली तर उत्तर तिथल्या तिथे मिळतं: मोकळ्या पॅडएवढीच उंची भरली, तर ते काम करत नाही.

पॅड बरोबर असूनही फुकट जाण्याचं पहिलं कारण म्हणजे फाउंडेशन बोल्ट. ठोकळ्यातून, पॅडच्या भोकातून बोल्ट थेट खालच्या काँक्रीटमध्ये जातो आणि फिटर नट पान्याने आवळतो. झालं, हादऱ्याला पॅड टाळून लोखंडी वाट मिळाली. बोल्टभोवती रबरी बुश आणि नटाखाली रबरी वॉशर हवा, आणि नट जागेवर राहील इतपतच आवळायचा. ठोकळ्याखाली राहिलेला विटेचा तुकडा किंवा सिमेंटचा गोळासुद्धा असंच करतो. तसंच मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये शिरणारा विजेचा ताठ पाइप. तिथे शेवटचा हातभर भाग लवचीक नळीचा आणि सैल वळण दिलेला हवा. अर्थिंगच्या पट्टीऐवजी वळण दिलेली लवचीक वायर टाकता येते, मात्र अर्थिंग काढायचं कधीच नाही.

पाइपच्या बाजूला सक्शन आणि डिलिव्हरी अशा दोन्हीकडे बेलोज लागतो: मध्ये फुगीर असलेला, आत नायलॉनचे धागे घातलेला रबरी तुकडा, दोन्ही टोकांना फ्लँज. पॅड बसवून बेलोज न लावणं हे काम अर्धवटच. पॅडवर पंप झुलू लागला की ताठ पाइप त्याला अडवतो, आणि सगळा हादरा पाइपमार्गे वर जातो.

बेलोजमध्ये एक धोका आहे आणि त्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. आपल्या पंपाचा दाब साडेपाच किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे. 65 मिलिमीटरच्या पाइपचं तोंड 33 चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे दाब बेलोजला लांब ताणायला 180 किलोचा जोर लावतो, आणि फुगीर भागामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. पंप सुरू झाला की बेलोज ताणला जातो आणि पाइपला पुढे ढकलतो. म्हणून बेलोजच्या पलीकडचा पाइप भक्कम आधाराला धरलेला हवा आणि दोन फ्लँजमध्ये कंट्रोल रॉड हवेत. हे रॉड बेलोज मर्यादेबाहेर ताणला जाऊ लागला तरच कामाला यायचे असतात. त्यांच्या नटांखाली रबरी वॉशर असतात आणि थोडी फट ठेवलेली असते. फिटरने ते दोन्ही बाजूंनी कसून आवळले, तर बेलोजच्या शेजारून चार लोखंडी दांड्या हादरा पलीकडे नेतात. बेलोज डोळ्यांना दिसतो, पण असून नसल्यासारखा.

पाइप दोन बोटं तिरका आला म्हणून बेलोज ओढून बसवणं हा दुसरा प्रकार. तो बसतो, पण सतत ताणात राहिल्याने लवकर चिरतो. बोल्टांची डोकी रबराच्या बाजूला आणि शेंडे बाहेर ठेवावेत, नाहीतर दाबाने फुगलेलं रबर शेंड्यांवर घासतं. रबराला ऑइलपेंट लावू नये. आणि खालची टाकी पंपापेक्षा उंच असेल तर टाकी आणि बेलोज यांच्यामध्ये व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, कारण बेलोज फुटला तर टाकी पंपाच्या खोलीत रिकामी होते.

हे सगळं नीट केल्यावरही घरघर उरते, तेव्हा पाण्याकडे पाहावं लागतं. इंपेलरला सहा पाती असतील तर प्रत्येक फेरीत पाण्याला सहा धक्के बसतात, सेकंदाला सुमारे 290. रबरी बेलोज त्यातला काही भाग शोषतो, उरलेला पाण्यातून पुढे जाऊन पाइपच्या भिंती हलवतो. म्हणून पहिल्या दहा-पंधरा मीटरमधले क्लॅम्प रबरी अस्तराचे हवेत. पण खरी जागा असते ती पाइप स्लॅब ओलांडतो तिथे. गवंडी ते भोक सिमेंटने गच्च भरतो आणि पाइप इमारतीचाच भाग बनतो. तिथे पाइपपेक्षा मोठी स्लीव्ह हवी. मधली फट खनिज लोकरीने भरायची आणि वरून मऊ सीलंटने बंद करायची. पाइपचा मार्ग आगीच्या दृष्टीने बंद ठेवायचा असेल, तिथे आग रोखणारा सीलंट घ्यायचा. तपासायला एक पोस्टकार्ड पुरतं: सीलंट भरण्याआधी ते पाइपभोवती सगळीकडे फिरलं पाहिजे. जिथे अडतं तिथे पाइप काँक्रीटला टेकलेला आहे.

काही सोसायट्यांत पंप टाकीच्या पाण्यातच बुडवलेला, ओपनवेल प्रकारचा असतो. तिथे जमिनीवरच्या पंपासारखे पॅड कामाचे नाहीत. पंप टाकीच्या तळाशी रबरावर टेकवायचा आणि डिलिव्हरीचा पाइप टाकीबाहेर आल्याबरोबर बेलोज घालायचा, त्यानंतरच पहिला क्लॅम्प. गच्चीवर प्रेशर पंप असेल तर उलट अडचण. त्याखालचा स्लॅब स्वतःच लवचीक असतो, त्यामुळे तीन मिलिमीटर दबणारं रबर तिथे अपुरं पडतं. साधारण 25 मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगचे पाय लागतात. शक्य असेल तर असा पंप कोणाच्या बेडरूमवरून हलवून जिन्यावर किंवा लिफ्टच्या खोलीच्या भिंतीलगत, स्लॅबला तुळईचा आधार असेल तिथे न्यावा.

दोष शोधताना पंप चालू ठेवून हात फिरवत जावं, अर्थात फिरत्या भागांपासून दूर. पंपाच्या बाजूच्या फ्लँजवर मुंग्या येतात आणि बेलोजच्या पलीकडे त्या जवळजवळ थांबल्या, तर बेलोज चालतोय. दोन्हीकडे सारख्याच आल्या तर रॉड सैल करून बघायचे, अर्थातच पंप बंद करून आणि लाइनमधला दाब काढून. पलीकडे शांत असूनही वर घरघर येत असेल तर पायाकडे, बोल्टकडे वळायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवली की कोणता क्लॅम्प आवाज भिंतीत पोहोचवतोय हे नेमकं ऐकू येतं.

पंप बंद होताना एकच मोठा ‘धाड’ आवाज येतो, तो मात्र या उपायांनी जात नाही. चढलेलं पाणी उलट फिरतं आणि एनआरव्हीचं झाकण आपटतं. त्यासाठी पाणी उलटण्याआधीच मिटणारा स्प्रिंगचा एनआरव्ही हवा, किंवा मोटर हळूहळू थांबवणारी व्यवस्था. पंपातून खडी हलल्यासारखा कडकडाट येत असेल तर सक्शन अडलेलं असण्याची शक्यता जास्त. गाळणी तुंबली आहे का, टाकीतलं पाणी पाइपच्या तोंडापर्यंत उतरलंय का, हे आधी पाहावं. अशा पंपाखाली पॅड घातलं तर आवाज थोडा दबेल, पण आतला इंपेलर खाल्ला जात राहील.