नफा की तोटा? आधी किमती ठरवा

वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या स्वाध्यायाच्या फोटोतलं गणित: दुकानदाराने ८०० रुपयांना आणलेल्या दप्तरावर ४० टक्के वाढवून किंमत छापली, मग २५ टक्के सूट दिली. नफा किती? बरीच मुलं ४० मधून २५ वजा करून १५ टक्के लिहितात. पण वाढ खरेदीवर असते, सूट छापील किमतीवर. छापील किंमत १,१२०, सूट २८०, म्हणून विक्री ८४०. नफा ४० रुपये, खरेदीच्या ५ टक्के.

फोटोची खालची कडा मात्र जरूर पाहावी. तिथे ‘रिक्षाभाडे ५० रुपये’ कापलं गेलं असेल, तर एकूण खरेदी ८५० होते आणि त्याच विक्रीत १० रुपये तोटा निघतो.